कोन्दोल्यान्त्से : एका शोकसंदेशाचे भाषांतर

मरणाची बातमी देण्यासाठी मराठीत किती क्रियापदे आहेत, याची मोजदाद मी एकदा करून पाहिली होती. गेले, वारले, निवर्तले, निधन पावले, कालवश झाले, कैलासवासी झाले, देवाज्ञा झाली. पोलिसांच्या पंचनाम्यात माणूस 'मयत' असतो. 'मेला' हा शब्द राग असेल तर किंवा माणूस फारच जवळचा असेल तरच तोंडात येतो. यातला कोणता शब्द कुठे शोभतो हे आपल्याला कुणी शिकवलेले नसते, पण 'आपले वडील मयत झाल्याचे समजले' असे पत्र आले तर ते वाचणाऱ्याला चटका बसतो. लिहिणाऱ्याच्या मनात दुःख असेल, पण शब्द ठाण्यातला आहे. परक्या भाषेत शोकसंदेश पाठवताना नेमकी हीच अडचण येते. शब्दकोशातला अर्थ बरोबर असतो, पण शब्द कुठल्या दारातून आला आहे ते कळत नाही.

हा विषय इटालियनच्या संदर्भात माझ्यासमोर आला त्याला आमचे शहर कारण आहे. अजिंठ्याच्या चित्रांची डागडुजी करण्यासाठी निजाम सरकारने १९२० मध्ये लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले होते. त्यांनी चित्रांवर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला आणि त्यावर आजही वाद होतो. त्या माणसांविषयी वाचता वाचता मी इटालियन शिकायला लागलो, व्याकरणाच्या पुस्तकांवरून आणि मिळतील त्या ध्वनिफितींवरून. दुसरा धागा उद्योगाचा आहे. वाळूजच्या वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचा इटलीशी, विशेषतः तुरीनच्या परिसराशी, नित्याचा संबंध आहे. तिकडचे तंत्रज्ञ इथे येऊन राहतात, इथली मुले तिकडे जाऊन येतात. 'इटालियन येणारा माणूस' म्हणून माझे नाव त्या वर्तुळात कसे पोहोचले कोण जाणे, पण यंत्रांच्या माहितीपत्रकांपासून लग्नाच्या निमंत्रणापर्यंत कागद माझ्याकडे येऊ लागले.

गेल्या फेब्रुवारीत अशाच एका कारखान्यातल्या ओळखीच्या अभियंत्याने सहा ओळींचा मराठी मजकूर आणून दिला. अॅल्युमिनियमच्या ओतकामाची यंत्रे बसवायला दोन हिवाळे इथे येऊन राहिलेला त्यांचा इटालियन सहकारी अचानक वारला होता. 'इंग्रजीतून पाठवले असते, पण त्यांच्या घरी इंग्रजी कुणाला येत नाही. तुम्ही फक्त इटालियनमध्ये करून द्या,' एवढेच त्याचे म्हणणे होते. मजकूर असा होता :

'आदरणीय वहिनी, आपले पती आणि आमचे लाडके सर यांच्या अकाली निधनाने आम्हा सर्वांवर दुःखाचा डोंगर कोसळला आहे. ते आम्हाला वडिलांसारखे होते. मशीनला हात लावण्याआधी तिचा आवाज ऐका, हे त्यांनीच आम्हाला शिकवले. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो आणि हे दुःख सहन करण्याची शक्ती आपणास देवो. आम्ही सर्व आपल्या दुःखात सहभागी आहोत. भावपूर्ण श्रद्धांजली.'

मराठीत यात काही खटकत नाही. पण वेळ थोडा होता. इटलीत मृत्यूनंतर साधारणपणे चोवीस तास उलटल्याशिवाय दफन किंवा दहन करता येत नाही, आणि बहुतेक अंत्यविधी दोन-तीन दिवसांत आटोपतात. या गृहस्थांचा विधी परवा दुपारी तीनला गावातल्या चर्चमध्ये होता, म्हणजे थंडीच्या दिवसांतला साडेचार तासांचा फरक धरता आपल्याकडचे साडेसात. तोवर घरात माणसे जमलेली असतात आणि आलेले संदेश मोठ्याने वाचले जातात. मजकूर त्याआधी पोहोचला तरच त्याला अर्थ होता.

पहिला प्रश्न 'वहिनी'चा. मराठीत सहकाऱ्याच्या पत्नीला वहिनी म्हणणे हा आदर आणि आपुलकी यांचा सुरेख मध्य आहे. इटालियनमध्ये नात्याने वहिनी म्हणजे 'कोन्याता', आणि हा शब्द फक्त खऱ्या नात्यालाच लागतो. परक्या देशातल्या वीस माणसांनी आपल्याला अचानक भावजय म्हणावे, याचे त्या बाईंना कोडेच पडले असते. तिथे अशा ठिकाणी 'जेन्तीले सिन्योरा' म्हणतात. 'जेन्तीले' म्हणजे सौजन्यशील. पत्राच्या मायन्यात तो आपल्या 'मा.' किंवा 'आदरणीय'सारखा झिजून गेला आहे, तरी त्यात कोरडेपणा नाही. पुरुषांसाठी 'एग्रेजो' असा आणखी एक मायना आहे, पण त्याला कचेरीचा वास येतो. वकिलाची नोटीस त्याने सुरू होते. 'कारा', म्हणजे प्रिय, हे लिहायला आधीची ओळख हवी, आणि ती इथे नव्हती.

मायना ठरला की सर्वनाम ठरते. मराठीच्या तू-तुम्ही-आपणसारखी इटालियनमध्येही उतरंड आहे, पण तिची रचना वेगळी आहे. एकाच व्यक्तीला आदराने बोलायचे तर 'लेई' वापरतात, ज्याचा शब्दशः अर्थ 'ती' असा होतो. अनेकांना मिळून बोलायचे तर 'वोई', म्हणजे तुम्ही सगळे. अनेकांना अतिआदराने बोलण्यासाठी 'लोरो' आहे, पण ते आता जुन्या काळचे किंवा पंचतारांकित हॉटेलातल्या वाढप्याचे वाटते. आमचा मजकूर पत्नीला होता, तेव्हा शेवटपर्यंत 'लेई' धरायचे आणि मध्येच 'वोई'वर घसरायचे नाही हे ठरवले. 'आपण' म्हणून सुरू केलेल्या पत्रात तिसऱ्या ओळीत 'तुम्ही' आले तर जसे खटकते, तसेच ते तिथे खटकते.

याच 'लेई'मुळे एक बारीक खोच निर्माण होते. 'तिचा', 'त्याचा' आणि आदरार्थी 'आपला' या तिन्हींसाठी इटालियनमध्ये एकच शब्द आहे, 'सूओ'. फरक फक्त लिहिण्यात दाखवता येतो : आदरार्थी असेल तेव्हा पहिले अक्षर मोठे लिहितात. मृत व्यक्तीविषयी तिच्या पत्नीला लिहिताना हे महत्त्वाचे ठरते. मोठे अक्षर असेल तर 'आपले कुटुंब', लहान असेल तर 'त्यांचे कुटुंब'. कामाच्या रोजच्या पत्रांत ही मोठी अक्षरे आता बरेच लोक वापरत नाहीत, पण शोकपत्रात ती अजून टिकून आहेत, आणि मला तिथे ती असावीत असे वाटते. शिवाय 'सूओ मारीतो', म्हणजे आपले पती, यात एकवचनी नात्यापुढे उपपद लागत नाही, पण 'कुटुंब' या शब्दापुढे लागते. शिकाऊ माणूस इथेच पकडला जातो.

मराठीतला आदर क्रियापदातही असतो : 'सर गेले', 'त्यांनी शिकवले'. इटालियनमध्ये गेलेल्या माणसाविषयी बोलताना असे आदरार्थी अनेकवचन नाही. तो साध्या एकवचनातच येतो. हे लक्षात आल्यावर अभियंत्याचा चेहरा उतरला. 'सरांना अरे-तुरे कसे करायचे?' मी त्याला सांगितले की तिथे तो आदर नामाकडून येतो. पण नाम कोणते? कारखान्यात सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत आणि मागे 'सर' जोडत. नावापुढे 'सिन्योर' लावून पहिले नाव घेतले, तर तिथे ते इमारतीचा रखवालदार किंवा कोपऱ्यावरचा न्हावी यांच्याशी बोलण्यासारखे होते. 'इंजिन्येरे' ही पदवी आडनावापुढे लावता आली असती, पण त्या घरात ती फार ताठ झाली असती.

उत्तर मराठी मजकुरातच होते. 'वडिलांसारखे' हे त्यातले वाक्य मला आधीपासून अडत होते. ज्या घरात त्यांची खरी मुले शेजारी बसून संदेश ऐकणार, तिथे परक्यांनी पितृत्वावर हक्क सांगणे मराठी घरात चालते, कारण आपल्याकडे नाती अशी वाटून घेण्याची रीत आहे. इटालियनमध्ये ते अशक्य नाही, पण अनोळखी माणसाकडून जास्तीचे वाटते. त्याऐवजी 'माएस्त्रो' हा शब्द घेतला. तो आपल्याला संगीतामुळे माहीत आहे, पण इटलीत प्राथमिक शाळेचा गुरुजीही माएस्त्रो असतो आणि हातात कसब असलेला कारागीरही. कारखान्यातल्या 'सर'मध्ये जे दोन्ही अर्थ मिसळलेले असतात, ते त्या एका शब्दात आहेत. 'पेर नोई ए स्तातो उन माएस्त्रो', आमच्यासाठी ते गुरू होते. आदराची सोय तिथे लागली.

इथे भूतकाळाचीही निवड आहे. 'होते' यासाठी पुस्तकी इटालियनमध्ये 'फू' असे एक रूप आहे. व्याकरणाच्या पुस्तकात ते ठळकपणे भेटते. पण उत्तर इटलीत बोलण्यात ते जवळजवळ येत नाही, आणि कालपरवा गेलेल्या माणसाला ते लावले की तो एकदम इतिहासात जाऊन पडतो. शिवाजी महाराजांविषयी किंवा दान्तेविषयी बोलावे तसे. गंमत म्हणजे हेच 'फू' जुन्या सरकारी कागदांत बापाच्या नावाआधी लिहीत, आपल्या 'कै.'च्या जागी. म्हणून 'ए स्तातो' हे जवळच्या भूतकाळाचे रूप घेतले.

आता मूळ गाभा : मरणाला काय म्हणायचे. इटालियनमध्ये 'मोर्ते' हा उघडा शब्द आहे आणि शोकसंदेशात तो टाळतात. 'देचेस्सो' हा रुग्णालयाचा आणि नगरपालिकेच्या दाखल्याचा, म्हणजे बरोबर आपला 'मयत'. शब्दकोशातून उचलणारा माणूस हमखास हाच घेतो, कारण तो सभ्य दिसतो. घरगुती बोलण्यात 'ए मान्कातो' म्हणतात, त्याची उणीव झाली, असा काहीसा भाव त्यात आहे. आणि लिखित संदेशात सर्वांत रुळलेला शब्द आहे 'स्कोम्पार्सा', शब्दशः दिसेनासे होणे. बेपत्ता माणसालाही हाच शब्द लागतो, त्यामुळे परक्याला तो विचित्र वाटतो, पण त्याची पातळी नेमकी आपल्या 'निधन'ची आहे.

इंग्रजीच्या मार्गाने आले तर इथे आणखी एक खड्डा आहे. 'तुमच्या हानीबद्दल वाईट वाटते' या इंग्रजी वाक्याचे जसेच्या तसे इटालियन रूप ऐकू येते, पण ते अमेरिकी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रित भाषांतरातून आलेले आहे. त्यातला 'पेर्दिता' हा शब्द नळाच्या गळतीला आणि धंद्यातल्या तोट्यालाही लागतो. 'तुमच्या नुकसानीबद्दल खेद आहे' असे मराठीत लिहून पाहा, म्हणजे कळेल.

दुःखाचा डोंगर मात्र तिकडे नेता येत नाही. इटालियन घरांच्या खिडकीतून खराखुरा बर्फाचा डोंगर दिसतो हे खरे, पण तो कोसळण्याची प्रतिमा शोकाच्या ठरलेल्या भाषेत नाही. ती वाचणारा प्रतिमेपाशीच थांबेल. याउलट मराठीत आपण ज्याला घासून गुळगुळीत झालेले समजतो, ते 'न भरून येणारी पोकळी' इटालियनमध्ये अक्षरशः त्याच शब्दांत आहे आणि तितकेच गुळगुळीत आहे. 'दुःखात सहभागी आहोत' हेही तसेच आहे. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांत कुटुंबाच्या दुःखात 'सहभागी' होणाऱ्यांची यादी छापण्याची तिथे रीत आहे. दोन दूरच्या भाषांनी एकाच ठिकाणी सारखे शब्द शोधावेत याचे मला नवल वाटते. पण छापील सहभाग संस्थेचा असतो. वीस कामगारांच्या संदेशाला मी त्याऐवजी 'स्यामो विचीनी' हे घेतले, म्हणजे आम्ही जवळ आहोत. 'विचीनो' म्हणजे शेजारीही.

ईश्वर आणि मृतात्मा यांचे काय करायचे, यावर आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. विधी चर्चमध्ये होता, म्हणून घर श्रद्धाळू असेलच असे नाही. इटलीत वर्षानुवर्षे चर्चची पायरी न चढलेल्यांचाही शेवट चर्चमध्ये होतो. चिरशांतीचे वाक्य तिकडे आहे, पण ते प्रार्थनेतले आहे आणि धर्मगुरूच्या तोंडी शोभते. 'सद्गती' तर तिकडे नेताच येत नाही. शक्ती देवो या इच्छेत दुसराच धोका होता. 'इच्छितो' यासाठीच्या क्रियापदाचे नाम 'आउगूरी' आहे, आणि आउगूरी म्हणजे वाढदिवसाच्या, लग्नाच्या, नाताळच्या शुभेच्छा. क्रियापद शोकात अगदीच वर्ज्य नाही, पण हे नाम जवळपासही नको. अभियंत्याला देव काढणे जड गेले. 'प्रार्थना तुम्ही इथे करा, ती भाषांतराशिवाय पोहोचते,' असे मी म्हणालो. त्याने मान डोलावली, पण त्याचे समाधान झाले असे मला वाटले नाही.

यंत्राचे वाक्य राहिलेच पाहिजे याबद्दल मात्र आमचे एकमत होते. बाकी सगळ्या ओळी कुठल्याही मृत माणसाला चालल्या असत्या; ही एकच ओळ त्यांची होती. आणि तिच्यातच एक शब्द फसवा निघाला. मशीनला सरळ शब्द 'माक्किना', पण रोजच्या इटालियनमध्ये माक्किना म्हणजे मोटारगाडी. घरातल्या म्हाताऱ्या आईने ते ऐकले असते तर गाडीला हात लावण्याआधी तिचा आवाज ऐकायला शिकवले, असा अर्थ झाला असता. ओतकामाच्या यंत्राला तिकडच्या कारखान्यात 'प्रेस्सा' म्हणतात, आणि अभियंत्याला तो शब्द सरांच्याच तोंडून पाठ होता. पत्नीनेही तो जन्मभर ऐकला असणार.

शेवटी 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आमच्या चौकाचौकांत फोटोसह लागणाऱ्या फलकांमुळे हे दोन शब्द आता डोळ्यांना दिसतात, कानांना ऐकू येत नाहीत. इटलीतही गावाच्या भिंतींवर निधनाचे कागदी फलक चिकटवण्याची जुनी रीत आहे, काळ्या कडेचे, नाव, वय आणि विधीची वेळ. पण तो फलक गावाला असतो. घराला पाठवायचे ते 'कोन्दोल्यान्त्से', म्हणजे सह-वेदना. हा शब्द नेहमी अनेकवचनात येतो. नुसते 'कोन्दोल्यान्त्से' लिहून पाठवणे म्हणजे आपल्याकडे मोबाइलवर दोन जोडलेले हात पाठवण्यासारखे आहे. त्याला 'सेन्तीते', म्हणजे मनापासून वाटलेल्या, हे विशेषण आणि 'पोर्जेरे', म्हणजे पुढे करणे, अर्पण करणे, हे क्रियापद लागते. हा साचाच आहे. परक्या भाषेत शोक करताना शेवटची ओळ साच्यातली असावी असे माझे मत आहे. नावीन्यामुळे वाचणाऱ्याचे लक्ष लिहिणाऱ्याकडे जाते.

तयार झालेला संदेश देवनागरीत असा वाचता येईल :

जेन्तीले सिन्योरा,
आब्ब्यामो आप्प्रेसो कोन ग्रान्दे दोलोरे देल्ला स्कोम्पार्सा दि सूओ मारीतो. पेर नोई ए स्तातो उन माएस्त्रो : चि आ इन्सेन्यातो, कोन पात्स्येन्त्सा, आद आस्कोल्तारे ला प्रेस्सा प्रीमा दि तोक्कार्ला. लो रिकोर्देरेमो कोन आफ्फेत्तो ए ग्रातितूदिने. स्यामो विचीनी आ लेई ए आई सुओई फील्यी, ए ले पोर्जामो ले नोस्त्रे प्यू सेन्तीते कोन्दोल्यान्त्से.

आणि परत मराठीत आणला तर : 'आदरणीय बाई, आपल्या पतीच्या निधनाची बातमी आम्हाला मोठ्या दुःखाने समजली. आमच्यासाठी ते गुरू होते : प्रेसला हात लावण्याआधी तिचे ऐकायला त्यांनी आम्हाला धीराने शिकवले. आम्ही त्यांची आठवण मायेने आणि कृतज्ञतेने ठेवू. आम्ही आपल्या आणि आपल्या मुलांच्या जवळ आहोत, आणि आमच्या मनःपूर्वक संवेदना आपल्याला अर्पण करतो.' मराठीत हे जरा थंड वाटते, हे मला मान्य आहे. इटालियनमध्ये ते थंड नाही. भाषांतर उलटे वाचून तपासण्याची युक्ती अर्थ तपासायला उपयोगी पडते, पण उष्णता मोजायला नाही. त्यासाठी तिकडच्या वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता आणि घरगुती पत्रे पुष्कळ वाचण्याला पर्याय नाही.

सहीवरून थोडी चर्चा झाली. शहराचे नाव अधिकृतपणे बदलले आहे आणि कारखान्याच्या पत्रावर छत्रपती संभाजीनगर असेच छापलेले आहे. पण सर दोन हिवाळे घरी फोन करून सांगत ते 'औरंगाबादहून बोलतोय' असे. म्हणून दोन्ही नावे लिहिली, जुने कंसात, आणि वर 'आपल्या पतीचे भारतातील सहकारी' असे. सोबत फुलांचे चित्र पाठवायचे तर कोणते, असेही विचारणे झाले. शेवंती आपल्या पूजेतले फूल. इटलीत ती मृतांचीच मानतात आणि २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवशी स्मशाने शेवंतीने भरतात. म्हणजे या प्रसंगाला ती चालली असती, पण त्याच लोकांनी पुढे कधी तिथल्या कुणाच्या वाढदिवसाला शेवंतीचा गुच्छ नेऊ नये, एवढे सांगून ठेवले. चित्र पाठवले नाही. तार करावी का, असाही विचार झाला. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण इटलीत टपाल खाते अजून तार नेते, आणि शोकासाठी लोक ती आवर्जून करतात. इथून ती करणे वेळेत जमणारे नव्हते. मजकूर त्यांच्या तुरीनच्या कार्यालयातल्या सहकाऱ्याला पाठवला आणि त्याने तो छापून घरी नेऊन दिला.

दहा दिवसांनी मुलीचे उत्तर आले, दोन ओळींचे. बाबा तुमच्याविषयी नेहमी बोलत आणि प्रेसचे ते वाक्य घरातही म्हणत, असे तिने लिहिले होते. तिने 'लेई' सोडून सगळ्यांना मिळून 'वोई' केले होते आणि मायन्यात 'कारी' लिहिले होते, म्हणजे प्रियजनहो. पुढचे पत्र गेले तर आता 'जेन्तीले' लिहायचे कारण नाही, हे मी अभियंत्याला सांगितले. मुलीला 'कारा' लिहावे, आईला मात्र अजून 'जेन्तीले सिन्योरा'च.